आकडा न देण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

कट-ऑफवर, म्हणजे विक्री नेमक्या कोणत्या वर्षात धरायची यावर, मी लेख लिहिला होता, आणि त्यात एका धंद्याच्या खरेदीवेळी आम्ही केलेल्या तपासणीचं उदाहरण होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "ना कंपनीचं नाव, ना डीलचा आकडा. नुसतं 'मध्यम आकाराची डील'. असं कुठून तरी ऐकलेलं कोणीही लिहू शकतं. शिवाय लेख लांबलाय आणि शेवटी टॅक्सबद्दल काहीच नाही."

'मध्यम आकाराची' हा शब्द सैल आहे, मान्य. पण 'कुठून तरी ऐकलेलं'? ज्युनिअर असताना रात्रभर गोडाऊनमध्ये उभं राहून स्टॉक मोजलाय मी, तेव्हापासून हिशेब तपासायचं हेच काम करतोय, त्यामुळे असलं वाक्य सहज टाकून जाऊ नका.

आता आकड्याचं बघू. नाव लपवलं की झालं असं तुम्हाला वाटतंय. लिस्टेड कंपनीने विकत घेतलेल्या धंद्याची रक्कम बहुतेक वेळा एक्स्चेंजवर जाहीर झालेली असते, मग मी धंदा, वर्ष आणि नेमका आकडा दिला की सर्च करणाऱ्याला नाव मिळायला कितीसा वेळ लागणार? आणि गोपनीयतेचं बंधन क्लायंट सोडला तरी सुटत नाही, आमच्या आचारसंहितेत ते स्पष्ट आहे.

म्हणून मी प्रमाणात लिहितो. त्याच डीलचं घ्या. विकणाऱ्याने दाखवलेला वर्षाचा नफा 100 धरा, किंमत त्याच्या 8 पट, म्हणजे 800. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली बिलं आम्ही गेट पास आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्टीशी लावून बघितली, तर काही बिलांवर तारीख या वर्षाची आणि माल बाहेर पडला पुढच्या वर्षात. पुढच्या महिन्यात त्यातल्याच दोन ग्राहकांना क्रेडिट नोट दिलेली, म्हणजे बिलाची रक्कम कमी केलेली, तिथेच शंका पक्की झाली. करारही वाचले, कारण काही वेळा ग्राहक स्वतःच माल गोडाऊनमध्ये ठेवायला सांगतो आणि तशी विक्री अटी पाळल्या असतील तर चालते. इथे तसं काही नव्हतं. तर असा 6 नफा आधीच ओढलेला. पण घाईत 6 वजा केले तर चूक, कारण मागच्या वर्षीही हेच केलेलं आणि त्यातला 2 नफा खरा या वर्षाचा होता. निव्वळ फरक 4, गुणिले 8, किंमत 32 ने खाली, 768 वर.

यात रुपयाचा आकडा कुठे अडला सांगा? 100 च्या जागी खरी रक्कम घातली असती तर तुम्हाला पद्धत जास्त कळली नसती, फक्त कंपनी कळली असती. हां, एक मर्यादा आहे, आम्ही सगळी बिलं नाही तपासली, मोठी सगळी आणि बाकीच्यांचं सॅम्पल, त्यामुळे 6 हा सापडलेला आकडा आहे, यापेक्षा जास्त नसेलच असं मी म्हणणार नाही.

लांबी आणि टॅक्सवर मी बोलत नाही, लेखाचा विषय कट-ऑफ होता, शीर्षकातच लिहिलंय. 6 मधून 2 का वळते केले यावर आक्षेप असेल तर जरूर लिहा, पण त्याआधी तो 'ऐकलेलं' शब्द मागे घ्या.