समोरचा डोंगर दिसत नाही, म्हणून पॅनलला सूर्य दिसत नाही?

फिरणारा मेसेज: "ठाणे-नवी मुंबईत सोलर लावू नका. धुरक्यात समोरचा डोंगर दिसत नाही, तिथे पॅनलला सूर्य काय दिसणार? प्रदूषणामुळे वर्षाची अर्धी वीज जाते, हे आयआयटीनेच सिद्ध केलंय. कंपनी सांगते ते युनिट स्वच्छ हवेचे, त्यातून 30 टक्के वजा करा. आणि पॅनल धुणं म्हणजे फुकटचा खर्च, पावसात धुतले जातातच."

आधी डोंगर. वाशीच्या गच्चीवरून पारसिकच्या डोंगराकडे पाहताना नजर जमिनीलगतच्या हवेतून आडवी जाते आणि काही किलोमीटर सलग याच घाण थरातून जाते. सूर्याचं ऊन मात्र वरून येतं. धुरक्याचा थर दुपारी साधारण एखाद-दोन किलोमीटर जाडीचा असतो, आणि डिसेंबरमध्येसुद्धा ठाण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर असतो. त्यामुळे उन्हाला त्या थरातून फार लांबचा रस्ता कापावा लागत नाही. शिवाय डोंगर पुसट होतो तो मुख्यतः प्रकाश विखुरल्यामुळे. सूक्ष्म कणांवर आपटलेला बराचसा प्रकाश नाहीसा न होता पुढच्या दिशेनेच पसरतो आणि पॅनलवर पोचतो. सावली फिकी पडली की आपल्याला ऊन गेल्यासारखं वाटतं, पण पॅनल हा पसरलेला प्रकाशही वापरतं.

हिवाळ्यात धुरकं सर्वात दाट असतं ते सकाळी, कारण रात्री थंड झालेली हवा खालीच अडकून बसते. सात ते नऊ या वेळेत पॅनल तसंही थोडंच कमावतं. खरी कमाई अकरा ते तीन, आणि तोवर जमीन तापून थर वर पसरलेला असतो.

म्हणून तोटा शून्य, असं नाही. दिल्लीत 2016-17 च्या मोजमापांवरून काढलेला आकडा आहे: हवेतल्या कणांमुळे सिलिकॉन पॅनलपर्यंत पोचणारं वर्षाचं ऊन सुमारे साडेअकरा टक्के कमी झालं. हे दिल्लीचं, जिथे हिवाळ्यातली हवा आपल्यापेक्षा कितीतरी वाईट असते आणि समुद्राचा वाराही नसतो. आपल्याकडचा तोटा याहून कमीच धरायला हवा. अर्ध्याच्या जवळपासही तो जात नाही.

मग ती "अर्धी वीज" आली कुठून? बहुधा 2017 च्या एका अभ्यासातून, जो गांधीनगरच्या आयआयटीतल्या पॅनलांवर ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांसोबत झाला. कित्येक आठवडे न धुतलेली पॅनल धुतल्यावर त्यांची कार्यक्षमता 50 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडा खरा आहे, वाचन चुकलंय. 100 चे 150 होणं म्हणजे 150 पैकी 50 अडलेले होते, म्हणजे तोटा एक तृतीयांश. आणि तोही फक्त धुण्याच्या आदल्या दिवशीचा. धूळ रोज थोडी थोडी साठते, त्यामुळे पूर्ण काळाचा सरासरी तोटा शेवटच्या दिवसाच्या साधारण निम्मा येतो. त्याच अभ्यासाने धुळीच्या, प्रदूषित प्रदेशांसाठी हवा आणि काचेवरची घाण मिळून 17 ते 25 टक्के तोटा मांडला, दोन्हींचा वाटा जवळपास सारखा. हाही आकडा मोठाच आहे, आणि त्यातला काचेवरचा भाग आपल्या हातात आहे.

30 टक्के वजा करण्याबद्दल एवढंच: आपल्याकडे 1 किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात, तो अंदाज उपग्रहांवरून काढलेल्या उन्हाच्या नोंदींवर आणि इथल्याच गच्च्यांवरच्या अनुभवावर बेतलेला आहे. धुरकं त्यात आधीच मोजलेलं आहे. ते पुन्हा वजा केलं तर एकच तोटा दोनदा लागतो. कोटेशन घेताना विचारायचं ते असं: या आकड्यात काचेवरच्या धुळीसाठी किती टक्के धरले आहेत, आणि धुणं किती दिवसांनी गृहीत धरलंय?

आता पावसाचं. मेसेजमधला सर्वात महाग पडणारा सल्ला हाच. जून ते सप्टेंबर पाऊस खरंच काच धुतो. पण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत आपल्याकडे धुणारं कोणी नाही, आणि नेमकं तेव्हाच बांधकामांची, खडी-सिमेंटची आणि ट्रकच्या रस्त्यांची धूळ उडते. त्यात दव. रात्री काच भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, दव पडतं, धूळ ओली होऊन खाली ओघळते आणि फ्रेमच्या खालच्या कडेशी सुकून घट्ट बसते. गच्चीवर जाऊन पाहा: वरची काच बरी दिसते आणि खाली दोन-तीन बोटांचा तपकिरी पट्टा असतो. मोठं नुकसान या पट्ट्यात. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असल्याने झाकलेला सेल बाकीच्यांचाही करंट अडवतो. जुन्या पद्धतीच्या पॅनलमध्ये सेलच्या तीन उभ्या माळा असतात. ते उभं बसवलं असेल तर तळाचा पट्टा तिन्ही माळांना पकडतो. आडवं असेल तर बहुतेक एकीलाच. हाफ-कट पॅनलमध्ये सेल अर्धे कापून वरचा आणि खालचा भाग वेगळा जोडलेला असतो, ते उभं असेल तर वरचा अर्धा भाग काम करत राहतो. उतार 5-7 अंशांचाच ठेवला असेल तर पट्टा लवकर जमतो.

आकाशाचा तोटा किती आणि काचेचा किती, हे घरीच वेगळं करता येतं. समजा घणसोलीच्या गच्चीवर 540 वॅटची 10 पॅनल आहेत, पाच-पाचच्या दोन रांगा, इन्व्हर्टरला दोन वेगळे इनपुट. जानेवारीतल्या निरभ्र दुपारी साडेबाराला ॲपमध्ये दोन्ही रांगांचा करंट पाहिला: 9 आणि 9 अँपिअर. दुसऱ्या दिवशी पहाटे फक्त एक रांग धुतली. दुपारी तीच वेळ: न धुतलेली 9, धुतलेली 10. धुरकं दोघींवर सारखंच आहे, म्हणून हा फरक निव्वळ घाणीचा, 10 टक्के. मागचं धुणं 25 दिवसांपूर्वीचं असेल तर दिवसाला 0.4 टक्के या वेगाने घाण चढतेय. सरासरी तोटा 5 टक्के, म्हणजे दिवसाच्या सुमारे 22 युनिटांतून 1.1 युनिट. दर 12 दिवसांनी धुतलं तर तोटा अर्ध्या युनिटावर येतो. एका जादा धुण्यामागे 25 दिवसांत साधारण 14 युनिट वाचतात. त्यांना आपल्या स्लॅबच्या दराने गुणलं की परवडतं का ते कळतं.

इनपुट एकच असेल तर धुण्याच्या आदल्या आणि नंतरच्या निरभ्र दिवसाची साडेबाराची पॉवर ताडून पाहा. यात हवेतला बदलही मिसळतो, म्हणून दोन-तीन दिवसांची सरासरी घ्या.

धुणं पहाटेच, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. नळाचं पाणी वापरा, बोअरचं नको, ते सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग पाडतं. 10 पॅनलांना तीन बादल्या पुरतात. आधी पाणी टाकून पट्टा पाचेक मिनिटं भिजू द्या, मग मऊ स्पंजाने खालची कडा पुसा. कोरडं घासलं की वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. पावडर, घासणी आणि प्रेशर पंप लांब ठेवा, आणि पॅनलवर पाय देऊ नका. मेमधला पहिला शिडकावा काच धूत नाही, धुळीचा चिखल करून ठिपके सोडतो, तेव्हा त्यानंतर एकदा हात फिरवाच.