टेम्पो नेला एकाने, तोटा वाटला दोघांत

“भागीदारी मोडली की ताळेबंदातलं सगळं वसुली खात्यात टाकायचं. धनकोला पैशाऐवजी माल दिला, तर विक्री आणि फेड दोन्ही बँकेतून दाखवायची. भागीदाराने एखादी वस्तू घरी नेली तर पैसे आले नाहीत, म्हणून नोंद नाही. शेवटी बँक खातं शून्य झालं की हिशेब बरोबर.”

असा सल्ला ऐकू येतो. वसुली खातं म्हणजे फर्म बंद करताना मालमत्ता विकून आणि देणी फेडून नफा-तोटा काढायचं खातं. त्यात ‘सगळं’ जात नाही. रोख आणि बँक शिल्लक वसुली खात्यात जात नाही. जे अजून वसूल व्हायचंय किंवा बाहेरच्यांना फेडायचंय तेच तिथे जातं. भांडवल आणि भागीदाराने फर्मला दिलेलं कर्जही बाहेरच. १९३२ च्या भागीदारी कायद्यातलं कलम ४८ क्रम लावून देतं: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराचं कर्ज, मग भांडवल. ऋणको मात्र पूर्ण रकमेने नावे बाजूला घ्या आणि संशयित कर्ज निधी जमा बाजूला. वजा करून एकच आकडा टाकला की पुढे कोणालाच काही कळत नाही.

धनकोचं येणं १,००,००० आणि त्याने ४५,००० ला माल उचलला, तर फक्त उरलेल्या ५५,००० ची नोंद करा: वसुली खाते नावे, बँक जमा. मालाची पुस्तकी किंमत आणि धनकोची रक्कम आधीच वसुली खात्यात बसलेली असते. ४५,००० वसुली खात्यातच दोन्हीकडे दाखवले तरी नफा-तोटा बदलत नाही, पण ते बँकेतून फिरवले तर पासबुकात नसलेला व्यवहार पुस्तकात येतो.

आता टेम्पो. समजा, सातपूर एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप. भागीदार दोन भाऊ, प्रमाण ३:२, भांडवल ३,००,००० आणि २,००,०००. एक लाख पुस्तकी किमतीचा टेम्पो थोरल्याने ठरलेल्या ७०,००० ला ठेवून घेतला. नोंद अशी: थोरल्याचं भांडवल खाते नावे ७०,०००, वसुली खाते जमा ७०,०००. बाकी सगळं विकून-फेडून, टेम्पो धरून एकूण तोटा ९०,०००. थोरल्याकडून ५४,००० आणि टेम्पोचे ७०,००० गेले, हातात १,७६,०००. धाकट्याचे ३६,००० गेले, हातात १,६४,०००. बेरीज ३,४०,०००, बँकेतही तेवढेच.

तीच नोंद गाळून बघा. तोटा फुगून १,६०,००० होतो. थोरल्याला २,०४,०००, धाकट्याला १,३६,०००. बेरीज पुन्हा ३,४०,०००! बँक खातं शून्य होतं, सगळं जुळतं, आणि धाकट्याचे २८,००० मुकाट्याने भावाच्या खिशात जातात. (असे हिशेब शांतपणे सही होतात, कारण ‘टॅली झालं ना?’ एवढंच विचारलं जातं.)

ही चूक बँकेत सापडणारच नाही. वसुली खात्याच्या नावे बाजूला ज्या मालमत्ता आहेत, त्या प्रत्येकीपुढे ती कुठे गेली ते पेन्सिलीने लिहा: विकली, वसूल झाली, धनकोने नेली, भागीदाराने नेली, भंगारात गेली. टेम्पोपुढची जागा रिकामी दिसेल.