पुलाची प्रगती ७७ टक्के: अहवाल कसा लिहावा

खाडीवरचा पूल रखडलाय आणि सोमवारी सुकाणू समितीची बैठक आहे? घाबरू नका. पूल बांधायला अक्कल लागते, अहवालाला फक्त वेटेज.

समजा, पूल आठ गाळ्यांचा आहे. दोन टोकांना दोन अबटमेंट आणि मधे सात खांब म्हणजे पिअर, असे नऊ पाये. त्यातले आठ झाले. मधल्या चौथ्या पिअरचा, पी-४ चा, पाया म्हणजे तळात उतरवायची काँक्रीटची पोकळ विहीर; ती २४ मीटर खाली जायची होती, ती नऊ मीटरवर तिरकी होऊन बसली. तिरकेपणा ८० ला १ पर्यंत चालतो, हिचा ४५ ला १ आहे. पी-४ नाही म्हणून गर्डर, म्हणजे गाळ्यांच्या तुळया, चढवण्याचं लाँचिंग पी-३ वर थांबलंय. तीन गाळे चढले, पाच गाळ्यांचे वीस गर्डर यार्डात ऊन खात पडलेत.

हे असं लिहायचं नसतं. आधी वेटेज ठरवा: पाये ३०, त्यांवरचे पिअर-अबटमेंट १५, गर्डर ओतणं ३५, चढवणं ५, स्लॅब व बाकी १५. यार्डात ओतायला ना नदी लागते ना विहीर, त्यामुळे बत्तीसच्या बत्तीस गर्डर तयार. स्लॅबला हात न लावता एकूण प्रगती ७७ टक्के! ठेकेदाराचं बिलही बहुतेक ओतण्यावरच निघालंय, म्हणजे आर्थिक प्रगतीही झकास. मुखपृष्ठावर त्या वीस गर्डरांचा ड्रोनने काढलेला फोटो टाका. रांगेत फार देखणे दिसतात.

पी-४ ला तक्त्यात पिवळा रंग द्या. लाल दिला की लोक वाचतात. शेऱ्यात लिहा, ‘तिरकेपणा दुरुस्ती प्रगतिपथावर, अंदाजे विलंब ४५ दिवस.’ हे खोटंही नाही. उचललेल्या बाजूवर किंटलेजचं वजन रचून त्याच बाजूची माती ग्रॅबने उपसली, तर विहीर सरळ होईल आणि पुढे उतरू लागेल, तेवढ्याला ४५ दिवस लागतीलच. फक्त अहवाल एप्रिलअखेरचा आहे हे जोरात वाचू नका. ४५ दिवस म्हणजे मध्य जून. तोवर पाऊस येतो, विहिरीभोवती भराव टाकून केलेलं बेट वाहून जातं आणि नदीतलं काम थेट नोव्हेंबरात सुरू होतं, तेही बेट पुन्हा बांधून. पण तक्त्यात ‘पावसाळा’ असा रकानाच नाही, त्याला तुम्ही काय करणार?

तरी एखादे साहेब विचारतातच, ‘अहो, पी-४ कधी?’ तेव्हा ‘सुधारित कार्यक्रम’ पुढे करा. त्यात जुनी तारीख पुसून नवी घातलेली असते, त्यामुळे नव्या तारखेच्या मानाने विलंब शून्य दिवस. इतिवृत्तात ‘समितीने नोंद घेतली’ एवढंच येतं आणि चहा येतो.

एक सूचना: बैठक खाडीकाठच्या विश्रामगृहात ठेवू नका. तिथल्या खिडकीतून लोकांना खाडीपलीकडे नेणारी तर दिसते, आणि तरवाल्याने परवाच होडीला नवं इंजिन बसवलंय, पाच वर्षांच्या हप्त्यांवर.