बॅचच्या रकान्यात डोळे मिटून एंटर दाबायला कोण शिकवतं?

माझ्या दुकानात नव्याने लागलेल्या मुलीने आधी आठ महिने दुसऱ्या एका मेडिकलमध्ये काम केले होते, आणि तिथे तिला बिल करण्याविषयी एकच गोष्ट शिकवली गेली होती: औषधाचे नाव टाकायचे, बॅचची यादी उघडली की एंटर दाबायचे, नग टाकायचे, पुन्हा एंटर. "बॅच कोण बघतंय, सर?" हे तिने मला अगदी निरागसपणे विचारले. तिच्यावर माझा राग नाही. मला संताप येतो तो तिला हे शिकवणाऱ्यांचा, कारण देवगड-मालवणच्या या पट्ट्यात एसटीने तासभर प्रवास करून औषधाला येणाऱ्या माणसाच्या हातात आपण जे बिल देतो, त्यातला सर्वांत कामाचा रकाना हे लोक शोभेचा समजतात.

झाले ते सांगतो. एक आजी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बिल व स्ट्रिप रुमालात बांधून परत आल्या. काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारले, "पाकिटार १४८ लिवलेला आसा, मगे कागदार १६२ खंयसून इले?" मी दोन्ही पाहिले आणि मला मान वर करता येईना.

त्या गोळीच्या आमच्याकडे दोन बॅच होत्या. जुनी RT4081, एक्स्पायरी 03/27, एमआरपी १४८ रुपये. नवी RT5032, एक्स्पायरी 11/27, एमआरपी १६२ रुपये. मुलीने कप्प्यात पुढे असलेली जुनी स्ट्रिप दिली, आणि ते बरोबरच होते, कारण जिची मुदत आधी संपते ती आधी विकायची. पण आमच्या संगणकात शेवटी खरेदी केलेली बॅच यादीत सर्वांत वर दिसते. तिने सवयीने एंटर दाबले. हातात एक बॅच गेली आणि कागदावर दुसरी उमटली.

आता हिशेब पाहा. बिलावर १६२ प्रमाणे तीन स्ट्रिपचे ४८६ झाले, दहा टक्के सूट ४८ रुपये ६० पैसे गेली आणि आजींनी ४३७ रुपये ४० पैसे दिले. खरा हिशेब १४८ प्रमाणे ४४४, सूट ४४ रुपये ४० पैसे, देणे ३९९ रुपये ६० पैसे. म्हणजे ३७ रुपये ८० पैसे जास्त घेतले. आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की ४३७.४० ही रक्कम ४४४ पेक्षा कमीच आहे, म्हणजे जास्त पैसे घेतल्याचे वरवर पाहून कोणाच्याही लक्षात येत नाही! सुटीने चूक झाकली. काचेवर दहा टक्के सुटीची पाटी लावायची आणि प्रत्यक्षात जेमतेम दीड टक्का द्यायची, हे मी केले, माझ्या दुकानाच्या शिक्क्याखाली केले, आणि पेन्शनवर जगणाऱ्या बाईसोबत केले.

म्हणून मुलीला समोर बसवून सांगितले की एमआरपी ही औषधाच्या नावाची नसते, ती त्या बॅचच्या पाकिटावर छापलेली असते. एकाच गोळीच्या दोन बॅचवर दोन किमती असू शकतात. त्या किमतीत सगळे कर आलेले असतात, तेव्हा बिलाच्या कोपऱ्यात दिसणारा जीएसटीचा आकडा हा आतल्या रकमेची फोड असतो, तो वरून पुन्हा मिळवायचा नसतो. सूट त्या बॅचच्या एमआरपीवर काढायची. बॅच चुकली की एक्स्पायरी, किंमत आणि सूट ही तिन्ही एका फटक्यात चुकतात, कारण संगणक ती तिन्ही बॅचवरूनच उचलतो.

आणि चूक त्या एका बिलावर संपत नाही, हे त्या आधीच्या दुकानदाराला कोणी तरी सांगायला हवे होते. त्या दिवशी संगणकात नव्या बॅचच्या तीन स्ट्रिप कमी झाल्या, ज्या कप्प्यात तशाच होत्या, आणि जुन्या बॅचच्या तीन स्ट्रिप शिल्लक राहिल्या, ज्या आजींच्या घरी होत्या. असेच चालू राहिले असते तर नवी बॅच संगणकात आधी संपली असती आणि मग यादीत फक्त जुनी उरली असती. त्यानंतर नव्या, चांगल्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बिलावर 03/27 ही जवळ आलेली तारीख छापली गेली असती आणि त्याला वाटले असते की आपल्याला शिळा माल दिला. याची उलट बाजू तर अंगावर काटा आणणारी आहे. जुनी बॅच कागदावर विकून टाकली आणि प्रत्यक्षात ती कप्प्याच्या मागे पडून राहिली, तर मुदत संपत आलेल्या मालाच्या यादीत ती येतच नाही. 03/27 म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत. १ एप्रिलला ती स्ट्रिप काउंटरवरून बाहेर पडता कामा नये. पण जी संगणकाला माहीतच नाही, तिला थांबवणार कोण?

आणखी एक. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा दर महिन्याला दर्जात न उतरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते, आणि त्या यादीत बॅच क्रमांक दिलेला असतो. उद्या RT4081 त्यात आली, तर आमच्या बिलांच्या नोंदीप्रमाणे आजींकडे ती बॅच नाहीच. आम्ही त्यांना निरोप धाडणार नाही आणि त्या रोज सकाळी ती गोळी घेत राहतील. "बॅच कोण बघतंय" असे म्हणणाऱ्याने या वाक्याचे उत्तर मला द्यावे.

मुलीला आता वेगळी पद्धत लावली आहे. आधी स्ट्रिप हातात घ्यायची, उजेडाकडे तिरपी धरायची, कारण चांदीवर ठसा उमटवलेला क्रमांक आमच्या पावसाळी अंधारात सरळ धरून वाचता येत नाही. मग शेवटचे चार आकडे मोठ्याने म्हणत पडद्यावरच्या यादीत तीच बॅच निवडायची. 8 आणि B, 0 आणि O यांत शंका आली तर एक्स्पायरी आणि एमआरपी जुळवायची, तिन्ही जुळले तरच एंटर. सुट्या गोळ्या द्यायच्या असतील तर बॅच आणि तारीख छापलेल्या टोकाच्या विरुद्ध बाजूने कापायचे, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर ओळख शिल्लक राहते, आणि गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या तुकड्याची ओळख फक्त बिलावर असते. म्हणजे तिथे बिल चुकले तर त्या गोळीला नाव-गाव काहीच उरत नाही.

आजींचे जुने बिल सेल रिटर्नमध्ये घेतले, RT4081 वर नवे केले आणि ३७ रुपये ८० पैसे मोजून त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी नवे बिल पाकिटाशेजारी धरून १४८ हा आकडा दोनदा वाचला. त्या गेल्यावर मुलगी आणि मी त्या गोळीचा कप्पा रिकामा करून दोन्ही बॅच मोजायला बसलो, आणि आणखी दोन स्ट्रिपचा फरक निघाला. ती बिले आम्ही अजून शोधतो आहोत.