तुमचे सात हजार गेले कुठे? एनपीएसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून एप्रिलपासून एनपीएस सुरू केलं. कंपनीचा पीएफ सोडून माझा पगार वर्षाला १५ लाख, त्यात बेसिक ६ लाख. दरमहा ७,००० कापले जातात, स्लिपवर वजावटीत दिसतातही. पण टीडीएस आधी ८,१२५ होता, आजही ८,१२५ आहे. म्हणजे हातात येणारा पगार पूर्ण ७,००० ने कमी! नव्या करप्रणालीत वजावटी नसतातच, हे शेंबडं पोरही सांगेल. वर पैसे साठीपर्यंत अडकले. पेन्शनवाल्यांची जाहिरात करण्याआधी निदान स्वतः हिशेब मांडायचा होता."

नमस्कार. रागावलात ते समजू शकतो, आणि पैसे अडकण्याच्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय. त्याकडे येतोच, पण आधी तो टीडीएस बघू, कारण खरी गोम तिथे आहे.

स्लिपवर एनपीएस वजावटीच्या रकान्यात दिसतं, त्यात चूक काही नाही. अनेक कंपन्या कंपनीचा हिस्सा आधी मिळकतीत दाखवतात आणि तोच पुन्हा वजावटीत दाखवतात. कायद्याची रीतही तीच आहे. कंपनीने भरलेली रक्कम आधी तुमचा पगार धरली जाते आणि मग कलम ८० सीसीडी (२) खाली वजा होते. खटकतंय ते एवढंच, की कर जागचा हललेला नाही. कंपनीचा हिस्सा म्हणून पैसे गेले असते, तर तो हलायलाच हवा होता.

तुमच्याच आकड्यांवर मांडून बघू. १५ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १४,२५,००० उरतात. २०२५-२६ च्या नव्या दरांनी त्यावर ९३,७५० कर आणि वर ४ टक्के उपकर, एकूण ९७,५००. बाराने भागा, तुमचे ८,१२५ आले. आता बेसिकच्या १४ टक्के, म्हणजे ८४,००० कंपनीकडून एनपीएसमध्ये गेले असं धरा. करपात्र रक्कम १३,४१,००० होते आणि उपकरासह कर ८४,३९६. म्हणजे टीडीएस ७,०३३ व्हायला हवा होता. वर्षाला १३,१०४ वाचले असते आणि हातातला पगार ७,००० ने नाही, साधारण ५,९०८ ने घटला असता.

नव्या प्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या, हे खरं. तुम्ही स्वतः भरलेल्या एनपीएसवर तिथे काही मिळत नाही, ती जादा ५०,००० ची सवलतही नाही. पण मालकाने भरलेल्या हिश्श्याची वजावट शिल्लक आहे, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पाने खासगी नोकरदारांसाठी ती नव्या प्रणालीतच १० वरून १४ टक्क्यांवर नेली. जुन्या प्रणालीत खासगी नोकरीला अजून १० टक्केच आहेत. म्हणजे पैसे तेच, खातं तेच, पण भरणारा कोण यावर सगळा खेळ.

माझा अंदाज असा, की पेरोलने तुमचे सात हजार 'कर्मचाऱ्याची वर्गणी' म्हणून भरलेत. हे तपासायला एचआरशी वाद घालायची गरज नाही. एनपीएस खात्याच्या प्रान क्रमांकाने लॉगिन करून व्यवहारांचं विवरणपत्र उतरवा. त्यात कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा असे दोन वेगळे रकाने असतात. ७,००० पहिल्यात दिसले, तर चोर सापडला. बहुतेक वेळा होतं असं: माणसाचं एनपीएस खातं आधीच बँकेतून किंवा ऑनलाइन उघडलेलं असतं, म्हणजे 'सर्व नागरिक' गटातलं. एचआर नुसता प्रान मागतं आणि पगारातून कापून भरायला लागतं. खातं कॉर्पोरेट गटात हलवायचा फॉर्म भरायचा राहून जातो. तो फॉर्म भरा, आणि पगाराच्या रचनेत विशेष भत्ता ७,००० ने कमी करून तेवढाच 'मालकाचा एनपीएस हिस्सा' दाखवा असं लेखी मागा. मार्चनंतर फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये ८० सीसीडी (२) समोर रक्कम आली की नाही, तेही बघा.

अंदाज खरा असेल, तर एप्रिल ते डिसेंबरचे ६३,००० मात्र तुमच्याच रकान्यात बसले आहेत आणि नव्या प्रणालीत त्यावर कर वाचणार नाही. ते ९,८२८ गेले म्हणा. विवरणपत्र भरताना ते ८० सीसीडी (२) मध्ये घुसवायचा मोह मात्र टाळा. फॉर्म १६ शी आकडा जुळणार नाही आणि नोटीस घरी येईल.

आता अडकण्याचं. इथे माझा लेख अपुरा होता. 'अडचणीला २५ टक्के काढता येतात' असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. ती सोय तीन वर्षांनंतर, ठरावीक कारणांसाठी आहे, आणि मुख्य म्हणजे फक्त तुमच्या स्वतःच्या वर्गणीवर मोजली जाते. मालकाचा हिस्सा त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्या वाटेने कर वाचतो, त्याच वाटेने गेलेला पैसा सगळ्यात घट्ट अडकतो. (तुमच्या चुकीच्या रकान्यातले ६३,००० त्या मानाने सुटसुटीत आहेत. हे सांत्वन नव्हे, पण आहे तसं सांगतो.) साठीआधी बाहेर पडलात, तर मोठ्या रकमेतला ८० टक्के भाग वार्षिकीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत घालावा लागतो. साठीनंतर पूर्वी ४० टक्के वार्षिकी सक्तीची होती. डिसेंबर २०२५ च्या बदलाने खासगी नोकरदारांना ती २० टक्क्यांवर आली, पण आयकर कायद्यातली करमुक्ती ६० टक्के रकमेपुरतीच लिहिलेली आहे. वार्षिकीतून येणाऱ्या पेन्शनवर तर त्या वेळच्या दराने कर लागतोच. त्यामुळे तुमचे १३,१०४ सगळे 'वाचले' असं म्हणणं चुकीचं. काही भाग पुढे ढकलला जातो. वर्षाला १३,००० साठी ८४,००० बांधून ठेवायचे नसतील, तर तुमच्या जागी मीही कदाचित नको म्हणेन. घराचं डाऊन पेमेंट जमवायचं असेल, तर नक्कीच.

मग मी इतक्या हिरिरीने का लिहिलं? माझ्या डोळ्यांसमोर मावसभावाचं प्रकरण होतं, आणि तेच लेखात यायला हवं होतं. त्याचा पगार १३,६०,०००, बेसिक ६,८०,०००. प्रमाणित वजावटीनंतर १२,८५,००० करपात्र, म्हणजे १२ लाखांच्या कुंपणाच्या जेमतेम बाहेर. कुंपणाच्या आत असता तर सवलतीमुळे कर शून्य. बाहेर असल्यामुळे उपकरासह ७५,६६०. त्याने १४ टक्के, म्हणजे ९५,२०० कंपनीमार्फत वळवले. करपात्र रक्कम ११,८९,८०० झाली आणि कर पूर्ण गेला. खात्यात ९५,२०० जमा, आणि हातातला पगार वर्षाला कमी झाला फक्त १९,५४०. बेसिक निम्मं असेल, तर साधारण १३ लाख ७० हजारांपर्यंतच्या पगाराला हे जमतं. तिथून पुढे गेलं की फायदा हळूहळू घटत तुमच्यासारखा, टक्क्यांतला, साधा होतो. माझा लेख त्या पट्ट्यातल्या लोकांचा होता आणि मी तो सगळ्यांचा म्हणून लिहिला.

विवरणपत्र उतरवलंत की कोणत्या रकान्यात सात हजार दिसले ते इथेच लिहा. प्रान क्रमांक मात्र टाकू नका. आणि दुसऱ्या रकान्यात दिसले, तर माझा अंदाज चुकला. मग पेरोलने टीडीएसचा हिशेबच नव्याने केलेला नाही, आणि ते मार्चच्या पगाराआधी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेता येईल.