रंगवलेली चौकट

गेल्या रविवारी पार्ल्यातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात माझ्या एका स्लाइडचा जो पंचनामा झाला, त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. माझा एक ग्राहक कीटकनाशक फवारणीचा व्यवसाय करतो. ४८ सदनिकांच्या त्या सोसायटीसमोर त्याला वार्षिक कराराच्या तीन योजना मांडायच्या होत्या, आणि त्यांपैकी मधली खपावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. साध्या योजनेत केवळ झुरळे, मधलीत झुरळे आणि उंदीर, तर संपूर्ण योजनेत वाळवी आणि डासही होते.

ही स्लाइड मी निष्काळजीपणे केली होती, असे कोणी म्हणू नये. पॉवरपॉइंटच्या तक्त्यात एकच स्तंभ इतरांपेक्षा उंच करता येत नाही, म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी तीन सुट्या चौकटी काढल्या आणि मधली वरून व खालून एकेक सेंटिमीटर वाढवली. तिन्ही योजनांत समान असलेल्या सेवा वेगळ्या काढून तळाशी एका ओळीत दिल्या, म्हणजे चौकटींत केवळ फरक उरला. फिकट रंग प्रोजेक्टरवर भिंतीत विरघळून जातो, हे पूर्वी एकदा पोळल्यामुळे ठाऊक होते. म्हणून मधली चौकट गडद निळ्या रंगाने भरली, तिच्यात पांढरी अक्षरे घातली आणि उरलेल्या दोन चौकटींतील मजकूर राखाडी केला. माथ्यावर ‘शिफारस’ अशी पट्टीही होती.

स्लाइड भिंतीवर उमटली. खजिनदारकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर आणला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, “मधली गेली वाटतं?”

“गेली म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कोणत्या सोसायटीने घेतली का? अहो, दीनानाथला तिकीट काढायला गेलो, की प्लॅनवर रंगवलेली खुर्ची म्हणजे गेलेली खुर्ची. चाळीस वर्षं नाटकं बघतोय मी.”

मी काही बोलण्यापूर्वीच सचिवांचा कॉलेजात जाणारा मुलगा, जो केवळ प्रोजेक्टरची वायर जोडण्यासाठी आला होता, म्हणाला, “नाही काका, आता ऑनलाइन काढतात. त्यात राखाडी असतात त्या गेलेल्या. बाजूच्या दोन गेल्यात, मधलीच उरलीय.”

यावर समितीत दोन तट पडले. पहिली दहा मिनिटे नाटकाच्या तिकिटांवर, पुढची पाच नाट्यगृहाच्या वाहनतळावर खर्ची पडली आणि अखेर अध्यक्षांनी दोन्ही पक्षांचा मान राखत असा निष्कर्ष काढला, की तिन्ही योजना गेलेल्या दिसतात, तेव्हा आपल्याला बोलावले कशाला? झुरळांचा विषय कोणाच्याच डोक्यात राहिला नव्हता. खरे तर त्याच वेळी एक झुरळ भिंतीवरून चालत थेट संपूर्ण योजनेत शिरले, पण त्याचीही कोणी दखल घेतली नाही.

टोकाचे पर्याय टाळून मधला निवडण्याकडे माणसाचा कल असतो, हे ग्राहकांच्या निवडीचे अभ्यासक इतामार सायमन्सन यांनी १९८९ मध्ये मांडले होते. खजिनदारकाकांशी त्यांची गाठ पडली नसावी. शिफारस म्हणजे आमचा सल्ला, असे मी समजावून सांगितल्यावर काका म्हणाले, “म्हणजे यात तुमचा फायदा सर्वांत जास्त.” हे मला लागले, कारण ते खरे होते. शिवाय शिफारशीचे कारण मी कोठेच लिहिले नव्हते. ‘४० ते ६० सदनिकांच्या इमारतींसाठी’ एवढी एक ओळ पट्टीखाली असती, तरी ती शिफारस विक्रेत्याची न वाटता इमारतीच्या मापाची वाटली असती.

त्यानंतर त्यांनी कॅल्क्युलेटर मागवला. मी मधल्या योजनेची किंमत २८,८०० रुपये एवढ्या ठसठशीत आकड्यात लिहिली होती. पण सोसायटीचा माणूस वार्षिक रकमेत विचार करीत नाही, तो दरमहा दर सदनिकेमागे विचार करतो. त्या हिशेबाने आकडा ५० रुपये येतो आणि तोच मोठ्या अक्षरांत हवा होता. काकांनी तो स्वतः काढला, त्यावर १८ टक्के जीएसटी चढवून ५९ केला आणि “नऊ रुपये लपवलेत,” असे सौम्यपणे म्हणाले. कराचा उल्लेख मी तळाशी बारीक अक्षरांत केला होता. तो भिंतीवर वाचता येत नव्हता, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

घरी येऊन मी स्लाइड बदलली. आता तिन्ही चौकटी पांढऱ्या असून मजकूर काळाच आहे. शिफारस केलेल्या चौकटीला जाड निळी कड, वर पट्टी आणि तिच्याखाली कारण आहे. दर करासह दिला आहे. रंगाचा भराव कोठेही नाही.

काल ग्राहकाचा दूरध्वनी आला. समितीने चौथी योजना सुचवली आहे: सेवा मधलीतील, किंमत साध्या योजनेची. तिची चौकट काढून पाठवावी, असा खजिनदारकाकांचा निरोप आहे. आणि ती मात्र पूर्ण निळी रंगवावी, म्हणजे दुसरी सोसायटी मागणार नाही.