फोटो रेकॉर्डच्या पोटात कशाला?

"फोटो रेकॉर्डमध्येच ठेवा, वेगळे ठेवले की हरवतात. SQLite वाल्यांनीच मोजून दाखवलंय की डेटाबेसमधून फोटो जास्त वेगाने निघतात."

असा सल्ला नेहमी मिळतो. आधी त्यातलं मोजमाप. ते खरं आहे, पण साधारण 10 केबीच्या थंबनेलचं. दरवेळी फाइल उघडणं-मिटणं वाचतं, म्हणून सुमारे 35 टक्के वेग मिळतो. साधारण 100 केबीच्या वर वेगळी फाइलच बरी, असं त्यांचंच दुसरं मोजमाप सांगतं. आणि दोन्ही मोजमापं एकाच मशीनवरच्या वाचनाची आहेत, फोनवरचा डेटा सर्व्हरवर पाठवण्याची, म्हणजे सिंकची नाहीत.

सिंकचं मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पाहिलं. तपासणारी पोरं दिवसाला चाळीसेक दोषांचे फोटो काढायची: तुटलेला धागा, तेलाचा डाग. 3 एमबीचा फोटो base64 ने अक्षरांत बदलून JSON मध्ये कोंबला की 4 एमबी होतो. तो एकदा जायचा तर जाऊ दे. पण संध्याकाळी सुपरवायझर "बाकी"चं "पास" करायचा आणि ॲप अख्खं रेकॉर्ड पुन्हा पाठवायचं. 4 एमबीपीएसच्या अपलोडवर एकाला 8 सेकंद, चाळिसांना पाच मिनिटांच्या वर, तेही एक शब्द बदलायला! तुमच्याकडे असंच होतंय का, हे तपासायला एकच स्टेटस बदला आणि किती डेटा गेला ते बघा. काही केबीऐवजी एमबी दिसले, तर फोटो रेकॉर्डच्या पोटात आहे.

आता हरवण्याचं. ही भीती मला पटते, कारण ज्याचा फोटो गेला त्याचा पुरावाच गेला. पण फोटो हरवतो तो त्याचा हिशोब न ठेवल्यामुळे. आम्ही रेकॉर्डमध्ये मूळ फोटोच्या जागी एवढंच ठेवलं:

```json
{"status": "pass",
 "photo": {"sha256": "9f2c…",
           "size": 3145728,
           "state": "pending"}}
```

फोन आधी फोटो स्वतःच्या मेमरीत लिहितो, त्याचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-आकडा काढतो आणि मगच रेकॉर्ड बनवतो. रेकॉर्ड लगेच जातं, फोटो वेगळ्या रांगेत थांबतो. सर्व्हर आलेल्या फाइलचा हॅश स्वतः काढतो आणि जुळला तरच `stored` लिहितो. तोवर फोनवरची प्रत पुसायची नाही. मध्येच रेंज गेली तर तोच फोटो पुन्हा पाठवला तरी चालतं, कारण हॅश तोच, त्यामुळे दुसरी प्रत होत नाही. एक दिवस उलटूनही `pending` असलेल्यांची यादी रोज सकाळी काढली की कुठल्या फोनवर काय अडकलंय ते कळतं.

रेकॉर्ड आधी आणि फोटो मागून येतो, ही अडचण मात्र खरीच आहे. म्हणून 10 केबीचं थंबनेल आम्ही रेकॉर्डमध्येच ठेवलं. डाग कुठे आहे ते सुपरवायझरला लगेच दिसतं.

खरा धोका पुसताना आहे. कुठलंच रेकॉर्ड बोट दाखवत नाही म्हणून सर्व्हरवरची फाइल लगेच उडवू नका. गावी गेलेल्या पोराचा बंद फोन आठवड्याने चालू होतो आणि त्याच फाइलकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड घेऊन येतो. आम्ही 30 दिवस थांबतो.